जकातीच्या यादीने दाखवलेला माल

आमचे कापडाचे दुकान तालुक्याच्या बाजारपेठेत चाळीस वर्षांपासून आहे. सासरे, ज्यांना मीही अब्बाच म्हणते, दर रमजानमध्ये जकातीसाठी मालाची यादी करतात. मार्च 2025 च्या रमजानमध्ये चष्म्याचा नंबर वाढल्याने त्यांनी ती माझ्याकडून लिहून घेतली. खरेदीच्या भावाने बेरीज झाली चौदा लाख. पण जकातीसाठी व्यापारी मालाची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने धरायची असते. इमामसाहेबांनीही तेच सांगितले. म्हणून मी प्रत्येक नगापुढे दोन गोष्टी लिहिल्या: माल कधी आला आणि आज त्याचे काय येईल.

तिथेच दुखणे सापडले. सहा लाखांचा माल दोन वर्षांहून जुना होता. सफारीचे पीस, घडीवर पिवळे पडलेले ड्रेस मटेरियल, फॅशन गेलेले शरारे. त्याचे अडीच लाख आले तरी खूप होते. अब्बा म्हणाले, "कापड म्हणजे सोने, ते थोडेच खराब होते?" सोने आज विकले तर आजचा भाव मिळतो, कापडाचे तसे नसते, एवढेच मी म्हटले. ते गप्प झाले.

महिन्याची विक्री एक लाख ऐंशी हजार होती. शंभर रुपयांच्या विक्रीत पंचवीस सुटतात, म्हणजे हाती पंचेचाळीस हजार. दुकान आणि गोदामाचे भाडे, दोघा नोकरांचा पगार, वीज, किरकोळ मिळून चाळीस हजार जात. घरासाठी मात्र गल्ल्यातून पंचवीस हजार निघत, तेही न लिहिता. दरमहा वीस हजारांची ही तूट भरून काढत होते घाऊक व्यापारी. त्यांचे साडेतीन लाख थकले होते. माझ्या पतींच्या मनात बँकेचे कर्ज होते. अब्बांना व्याज नको होते, आणि मला दिसत होते की त्या पैशाने आणखी माल येईल आणि तोही कपाटात बसेल.

खर्चात नोकरांना हात लावला नाही. मोठे चाचा गिऱ्हाईक नावाने ओळखतात. त्यांना काढले असते तर त्यांच्यामागे गिऱ्हाईकही गेले असते. घरखर्च पंधरा हजारांवर बांधला आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदाच घ्यायचा ठरवला. पतींनी संध्याकाळी शिकवण्या सुरू केल्या म्हणून ते जमले. जुने मोठे दिवे काढून एलईडी लावले. गोदाम मात्र रिकामे झाल्याशिवाय सोडता येत नव्हते.

रमजानमध्ये जुना माल काढायचा मोह सगळ्यांनाच झाला. पण ईदच्या खरेदीला आलेले गिऱ्हाईक नवे घेण्याच्या तयारीने येते. त्याच्यापुढे अर्ध्या किमतीचा ढीग ठेवला तर नव्याचीच विक्री मरते. म्हणून बकरी ईद होऊ दिली आणि जूनच्या मध्यावर, पावसात बाजार थंड असताना, वेगळ्या टेबलावर जुना माल मांडला. पहिले पंधरा दिवस खरेदीच्या भावाने, मग तीस टक्के कमी, मग निम्म्याने. किंमत आधी वाढवून मग कापायची नाही, असे अब्बांनी बजावले. पिवळ्या घडीच्या पिसावर "डाग आहे" अशी चिठ्ठी लावली. चिठ्ठीवालेच आधी गेले, कारण बायकांना अस्तराला तेच हवे होते! सफारीचे पीस कुणी निम्म्यातही घेतले नाहीत. शेवटी आठवडी बाजारातल्या कटपीसवाल्याने ते वजनावर उचलले. ते पाहताना अब्बा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

ऑगस्टअखेर दोन लाख चाळीस हजार आले आणि गोदामाचे पाच हजार भाडे वाचले. दीड लाख घाऊक व्यापाऱ्यांना दिले. प्रत्येकाला थोडे थोडे, आणि उरलेल्या दोन लाखांचे महिन्याला दहा हजार देऊ असे कागदावर लिहून. वीस महिने लागतील हे ऐकून एकाने तोंड वाकडे केले, पण तोंडी वायद्यांना कंटाळलेला तोही कागद पाहून थांबला. बाकीच्या नव्वद हजारांत रोज खपणारा माल घेतला: लेगिंग, मुलांचे कपडे, ओढण्या, नमाजचे दुपट्टे.

आता एकच नियम कडक आहे. शंभराच्या विक्रीतले पंचाहत्तर मालाचे. ते रोज रात्री वेगळ्या डब्यात जातात आणि नवी खरेदी त्यातूनच होते, उधारीवर नाही. डबा कमी भरला तर खरेदी कमी. प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर आल्याचा महिना लिहितो. सहा महिने झाले की तो टेबलावर येतो, दोन वर्षे वाट पाहत नाही.

सप्टेंबरपासून विक्री सरासरी दोन लाख तीस हजारांवर आहे. त्यातून खर्च आणि घर भागून दहा हजारांचा हप्ता जेमतेम निघतो. एखादा पाहुणा, एखादे आजारपण आले की तो अडतो. नोव्हेंबरचा आठ दिवस उशिरा गेला. येत्या ईदनंतर सलग तीन महिने सरासरी दोन लाखांच्या खाली गेली, तर दुकानाचा मागचा गाळा सोडून भाडे कमी करायचे, असे अब्बांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवले आहे.