पन्नासातून पंचवीस

बऱ्हाणपुरात मी गणिताच्या शिकवण्या घेते. येणारी बरीचशी मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या घरातली असतात. घरात मराठी आणि शाळा हिंदी माध्यमाची, अशी त्यांची रीत. गटात बसून एखादं मूल पुढे सरकत नसेल, तर त्याला वेगळा तास द्यावा लागतो. त्या तासाची सुरुवात मूल नेमकं कुठे अडलंय हे शोधण्यापासून व्हायला हवी, हे मला तत्त्व म्हणून ठाऊक होतं. तरी सहावीतल्या एका मुलीच्या बाबतीत मी हे शोधणंच चुकवलं. माझ्यामुळे तिचे कितीतरी तास वाया गेले.

तिची आई म्हणाली होती, "ताई, हिला अपूर्णांक जमत नाहीत. पहाडेपण कच्चे आहेत. तुम्ही बघा." मी त्यावर विसंबले आणि सहावीच्याच अभ्यासक्रमातली प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवली. जवळपास सगळी कोरी परत आली. कोऱ्या कागदावरून मला काहीच कळलं नाही, पण आपल्याला काही येत नाही ही तिची समजूत मात्र आणखी पक्की झाली. चाचणी मुलाच्या इयत्तेची नको, जिथे त्याचे पाय टेकतील तिथली हवी. 2005 पासून आपल्याकडे होणाऱ्या 'असर' पाहणीत हे फार साध्या रीतीने केलेलं आहे. तिथे गणिताची सुरुवात हातच्याच्या दोन अंकी वजाबाकीने होते. ती जमली तर मूल तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याकडे जातं, नाही जमली तर संख्या ओळखण्याकडे उतरतं. मधल्या पायरीवर उभं करून वर किंवा खाली जायचं, एवढीच ती युक्ती आहे.

मग मी खाली उतरले, पण घाईने. हाताने तीन वजाबाक्या लिहून दिल्या: 50 − 25, 54 − 27 आणि 47 − 23. तिची उत्तरं आली 25, 33 आणि 24. मी मधल्या उत्तरावर फुली मारली आणि मनात हिशेब केला, की शून्यातून पाच वजा करणं जास्त अवघड, ते हिला जमलं, म्हणजे हातचा येतो, 33 हा निष्काळजीपणा आहे. आईलाही मी तसंच सांगितलं, "येतं तिला, लक्ष देत नाही." त्या वाक्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण त्यावरून घरी तिला बोलणी बसली.

चूक तिची नव्हती, माझी उदाहरणं चुकीची होती. 50 − 25 हे वजाबाकी न करताही येतं. पन्नासाची नोट दिली, पंचवीसचं सामान घेतलं, पंचवीस परत आले, हे तिला पाठ होतं. शिवाय उत्तर आणि वजा करायची संख्या एकच असल्यामुळे, ती उत्तरापर्यंत कशी पोचली हे त्या कागदावरून कधीच कळलं नसतं. 54 − 27 मध्येही तोच दोष, खरं उत्तर 27. पण तिथे पैशांची आठवण मदतीला आली नाही आणि तिची खरी पद्धत उघडी पडली. तिने एककाच्या घरात सातातून चार वजा केले, दशकाच्या घरात पाचातून दोन. वर कोणता आकडा आणि खाली कोणता हे न बघता, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. ही सवय जगभरच्या मुलांमध्ये सापडते. 1978 मध्ये ब्राउन आणि बर्टन या अमेरिकन संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुका गोळा करून दाखवलं होतं, की पुष्कळदा मूल नियमाने चालत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. मी तिला विचारलं असतं, "कसं केलंस, सांग बरं," तर तिने सांगितलं असतं. मी विचारलंच नाही.

आणखी एक चूक खास आमच्या गावची म्हणावी अशी आहे. मी आकडे मराठीत सांगून लिहायला लावत होते. एकोणसाठ म्हटलं की ती 61 लिहायची. मी वहीत नोंद केली, 'संख्यालेखन कच्चे', आणि तीन अंकी उदाहरणं लांबणीवर टाकली. तिची शाळा हिंदी, तिथे हीच संख्या उनसठ. लिहिलेलं 59 समोर धरलं तर ती न अडखळता वाचायची. तेव्हापासून पहिल्या तासाची उदाहरणं मी छापील आकड्यांत देते आणि आकडे तोंडी सांगून लिहायला लावणं वेगळं तपासते, तेही शाळेच्या भाषेत.

वजाबाकीचा हातचा कच्चा आहे हे अखेर लक्षात आल्यावर मी जे केलं, ते बहुतेक शिकवणीवाले करतात. "वरचा आकडा लहान असेल तर शेजाऱ्याकडून दहा उधार घे," हा नियम पुन्हा सांगितला आणि वहीभर उदाहरणं करून घेतली. 52 − 37 बरोबर यायला लागलं. मला बरं वाटलं. मग गृहपाठात 68 − 25 चं उत्तर आलं 313. तिने आठाला अठरा केले, सहाचे पाच केले, अठरातून पाच गेले तेरा, पाचातून दोन गेले तीन. उधार घ्यायचं हे पक्कं झालं होतं. केव्हा घ्यायचं आणि का, ते नव्हतं. आणि अडुसष्टातून काही काढल्यावर तीनशे तेरा उरले, हे तिला खटकलं नाही, कारण कागदावरचे आकडे आणि खऱ्या वस्तू यांचा तिच्या लेखी काही संबंध नव्हता.

एवढं झाल्यावर मी पहिला तास नव्याने आखला, जणू ती त्याच दिवशी पहिल्यांदा येत होती. अर्ध्या पानावर पाच उदाहरणं घेतली: 68 − 25, 52 − 37, 80 − 53, 345 − 128 आणि 603 − 247. ही निवडताना एक गोष्ट पाळली. प्रत्येक चुकीच्या पद्धतीचं उत्तर वेगळं निघालं पाहिजे. शेवटचं उदाहरण बघा. बरोबर उत्तर 356. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढणाऱ्याचं येईल 444. सहाकडून सरळ तिनाला दहा देऊन मधलं शून्य तसंच ठेवणारा, शून्यातून चार काढताना चार लिहील, तर 346. शून्य लिहील, तर 306. शून्याचे नऊ करील पण सहाचे पाच करायला विसरेल, त्याचं 456. उत्तर पाहिलं की निदान प्रश्न कुठला विचारायचा ते तरी समजतं.

खोडरबर बाजूला ठेवला. चुकलं वाटलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, असं तिला सांगितलं. मला सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. पूर्वी ती चुकायला लागली की मी "नीट बघ" म्हणायची, ती लगेच खोडायची, आणि मला हवा असलेला पुरावा तिथेच पुसला जायचा. त्या पंधरा मिनिटांत मी फक्त पाहिलं, ती बोटं कुठे मोजते, कुठे थांबते.

चार उत्तरं बरोबर आली. शेवटचं आलं 346. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शून्याकडे काही नाहीच, मग ते कसं देणार? म्हणून सहाकडून घेतलं." आणि शून्यातून चार? "तिथे काहीच नाही, म्हणून चारच राहिले." पहिलं वाक्य बरोबर आहे. सहाकडून घेतलेलं एक म्हणजे शंभर, ते एककाच्या घरात दहा होऊन पोचलं, आणि मधल्या नव्वदांचं काय झालं हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

उरलेल्या तासासाठी आधी मी काड्यांच्या जुड्या काढल्या. ती संकोचली, हे तर पहिलीचं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ज्या मुलाला दहाची नोट म्हणजे दहा सुटे रुपये हे मनापासून पटलेलं नसतं, त्याला जुड्याच लागतात, कारण जुडी सोडली की दहा काड्या डोळ्यांना दिसतात. हिला नोटा पटलेल्या होत्या. दुकानातून सामान रोज तीच आणायची. म्हणून कागदाच्या नोटा केल्या. शंभराच्या सहा, दहाची एकही नाही, सुटे तीन. दुकानदाराला बरोबर 247 द्यायचे, आणि सुट्टे त्याच्याकडे नाहीत.

तिने शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा घेतल्या. त्यातली एक मोडून दहा सुटे घेतले. प्रत्येक मोडीनंतर मी दोनच गोष्टी करायला लावल्या. तीन घरांत काय आहे ते लिहायचं, आणि एकूण किती ते मोठ्याने सांगायचं. कागदावर एकाखाली एक ओळी आल्या: 6, 0, 3, मग 5, 10, 3, मग 5, 9, 13. तिन्ही वेळा एकूण सहाशे तीनच. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली आणि 346 लिहिलेल्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "इथे माझ्या नव्वद रुपयांचा हिशेबच नाही."

तासाच्या शेवटी सराव न झालेली दोन उदाहरणं दिली, नोटांशिवाय. 705 − 268 बरोबर आलं, 437. 400 − 156 मध्ये दोन शून्यांपाशी ती अडकली, पण मोठ्यातून लहान काढलं नाही, नोटा मागितल्या. पुढच्या तासाची सुरुवात तिथून ठरली, आणि अपूर्णांक मी पुढे ढकलले. या रीतीची मर्यादाही सांगायला हवी. वजाबाकी सुधारल्याने तिचे अपूर्णांक सुधारले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पाच उदाहरणं शोधावी लागली, आणि ते काम अजून चालू आहे.

शाळेतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. उत्तरपत्रिका तपासताना चुकलेलं उत्तर लाल शाईने झाकून टाकू नका आणि मुलाला खोडून परत लिहायला लावू नका. बाजूला फुली करा, पण 346 वाचता येऊ द्या. शिकवणीला बसणाऱ्याला सुरुवात तिथूनच करायची असते.