एका ‘नमस्कारा’चं उत्तर



तक्रार तोंडावर करायला जड जातं, म्हणून लिहिते आहे.

परवा सकाळी ह्यांचं रक्त पीटी-आयएनआरसाठी तुमच्या लॅबमध्ये दिलं. संध्याकाळी साडेपाचला मी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘नमस्कार’ लिहिलं. त्याच क्षणी उत्तर आलं. माझ्या फोनवर अक्षरं मोठी ठेवलेली आहेत. स्वागत, वेळा, शाखा, नकाशा, फुल बॉडी चेकअपची सवलत, तपासण्यांचे दर असं ते खाली खाली जातच राहिलं. दरांत ‘पीटी-आयएनआर’ दिसलं तेव्हा मला वाटलं, रिपोर्टच आला. पण समोर नुसते रुपये होते.

नाव आणि पावती क्रमांक कळवा, ही ओळ सगळ्यात शेवटी, ‘अधिक वाचा’च्या आड होती. मी तिथवर पोचलेच नाही. उत्तर आलंय म्हणजे कोणीतरी बघतंय, असं समजून थांबले. तुमच्या लॅबमधली मुलगी माझ्या पावती क्रमांकाची वाट बघत होती आणि मी तिच्या रिपोर्टची. साडेआठला न राहवून फोन केला, तर रिपोर्ट पाच वाजताच तयार होता! आकडा ४.१ होता. ह्यांना डॉक्टरांनी २ ते ३ सांगितलाय. रक्त पातळ ठेवायची गोळी हे रात्री नऊला घेतात. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी त्या रात्रीची गोळी थांबवली. अर्ध्या तासाने गोळी पोटात गेली असती.

माझी पुतणी साड्यांचा व्यवसाय करते, हेच अ‍ॅप वापरते. तिच्याकडून कळलं, की हा स्वागताचा मेसेज नव्या माणसाला जातो, आणि १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्यालाही पुन्हा जातो. आमची तपासणी महिन्याने असते. म्हणजे दोन वर्षं येणारी मी तुमच्या फोनला दर वेळी नवीच! उपाय तिनेच सांगितला. नेहमीच्या पेशंटचे नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि Greeting message मध्ये Everyone not in address book निवडा. मग आमचा ‘नमस्कार’ थेट त्या मुलीपुढे जाईल.

आणि नव्यांसाठी एवढंच पुरे: ‘नमस्कार. पेशंटचं नाव आणि पावती क्रमांक लिहा. तातडीचं असल्यास फोन करा.’ दरपत्रक, सवलती ज्याने विचारलं त्यालाच पाठवा. रक्त देऊन घरी गेलेल्या माणसाला त्या संध्याकाळी दुसरं काही नको असतं.

तुमच्या तपासणीवर माझा विश्वास आहे, म्हणून लॅब बदललेली नाही. डॉक्टरांनी आठवड्याने पुन्हा रक्त तपासायला सांगितलंय. त्याआधी एवढं नक्की करा.

तुमची,
काकू