बारदान आणि रोख सूट

विद्यालयाच्या वसतिगृहात असताना आमच्या पत्र्याच्या पेटीत, वह्यांच्या तळाशी, वडिलांची कांद्याची एक हिशेबपट्टी असे. त्या पट्टीतूनच आमच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला होता. पट्टीवर अडत, हमाली, तोलाई यांच्याखाली 'धर्मादाय' अशी आणखी एक ओळ होती. तो कोणाचा धर्म आणि कोणाला दाय, हे वडिलांना कधीच कळले नाही. आम्हांला प्रश्न पडे, पण विचारणार कोणाला? पुढे इतिहासाचे विद्यार्थी झाल्यावर राजपत्रे आणि दस्तऐवज पुष्कळ वाचले; परंतु त्या चिटोऱ्याइतका बोलका कागद क्वचितच हाती आला.

काही वर्षांपूर्वी धाकट्या भावासोबत आम्ही पुन्हा बाजारात गेलो. माणातला कांदा लोणंदला जातो, पुण्याच्या मार्केट यार्डातही जातो. आम्ही कोठे गेलो, ते येथे लिहीत नाही. भावाने घरीच निवड केली होती : तीस पिशव्या गोळा कांदा आणि बारा पिशव्या गोल्टी, म्हणजे बारीक माल. ही मेहनत वाया जात नाही. खरेदीदार वक्कलातील एखादी पिशवी जमिनीवर ओतून पाहतो. तोंडाशी गोळा आणि तळाशी गोल्टी निघाली, तर साऱ्या वक्कलाचा भाव खाली येतो. जोडकांदा आणि डेंगळे भावाने आधीच बाजूला काढले होते. लिलावात गोळ्याला क्विंटलला सोळाशे रुपये आणि गोल्टीला नऊशे रुपये भाव मिळाला. तेथवर तक्रारीला जागा नव्हती.

मग वजन झाले. काटा इलेक्ट्रॉनिक होता, आकडा आमच्याही डोळ्यांसमोर होता. गोळा १,५३० किलो, गोल्टी ६१२ किलो. तोलपावतीवर आकडे बरोबर उतरले. हिशेबपट्टी हाती आली तेव्हा मात्र गोळा १,५०० आणि गोल्टी ६०० झाला होता. दर पिशवीमागे एक किलो बारदान कापले होते. पूर्वीच्या तागाच्या पोत्याला ते शोभले असते. आमच्या पिशव्या जाळीच्या होत्या. मूठभर दाबली तर खिशात मावेल अशा. वजनावर भांडण काट्याशी होते असे लोक समजतात, पण अलीकडे काटा सहसा खरे बोलतो. खोट काटा आणि पट्टी यांच्यामधल्या वजाबाकीत असते. म्हणून तोलपावती आणि पट्टी शेजारी ठेवूनच पाहावी.

आम्ही मुनिमाला म्हणालो, "रिकाम्या दहा पिशव्या काट्यावर ठेवा." त्याने नाखुषीने ठेवल्या. दहांचे वजन एक किलो भरले. म्हणजे बेचाळीस पिशव्यांचे बारदान चार किलो दोनशे ग्रॅम. कापले होते बेचाळीस किलो. गोळ्याचे सत्तावीस किलो आणि गोल्टीचे जवळजवळ अकरा किलो, मिळून ५२९ रुपये असे गेले होते. मुनिमाने मुकाट्याने पट्टी दुरुस्त केली.

हमाली-तोलाईची ओळ आम्ही वाचून सोडून दिली. ते पाठीवर पोती वाहणाऱ्यांचे पैसे आहेत, आणि तशी पाठ देणारी माणसे आमच्याच दुष्काळी गावांतून बाहेर पडली आहेत. अडतीची ओळ नव्हतीच. कांदा-बटाटा, फळे, भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असे २०१६ साली ठरले. मात्र तिच्या रिकाम्या जागी दुसरीच एक ओळ येऊन बसली होती : 'रोख सूट, शेकडा दोन'. तिचे पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपये धरले होते.

शेतमालाचे पैसे त्याच दिवशी मिळणे हा विकणाऱ्याचा हक्क आहे. हक्काची वस्तू वेळेवर दिली, म्हणून तिच्यातूनच मोबदला कापायचा, असा हा व्यवहार. मुनिमाने पर्याय सांगितला : पंधरा दिवसांचा चेक घ्या, मग सूट नाही. आम्ही बाजार समितीच्या कार्यालयाकडे वळलो. तेथे लेखी तक्रार घेतात, पट्टीची प्रत जोडावी लागते, एवढे आम्हांला ठाऊक होते.

भावाने आमचा हात धरला. "दादा, ऱ्हाऊ द्या. बियाण्याला उचल ह्याच्याकडनंच घेतलीया. पुढल्या आठवड्यात दुसरी गाडी आणायचीय."

ती उचल पट्टीवर कोठेही लिहिलेली नव्हती. पण पट्टीतील दोन टक्के तिच्याच बळावर कापले गेले होते. चळवळीत वाढलेल्या आम्हांला हे पाहून गप्प राहणे जड गेले; तरी गाडी आमची नव्हती आणि उचलही आमची नव्हती. आम्ही माघारी फिरलो. बारदानाची रक्कम परत मिळाली, सुटीची गेली.

परतताना भावाने पट्टी दुमडून खिशात घातली. मग पुन्हा बाहेर काढली आणि म्हणाला, "ही तुमच्याजवळच ठेवा. उचल फिटली की जाऊ."

ती आमच्याजवळ आहे. वडिलांच्या पट्टीसोबत, त्याच पेटीत.