तीन ओळींचा तक्ता

१९८२च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तरी त्यांतल्या काही कंपन्यांचे शेअर बाजारात चालूच राहिले. २००५पर्यंत या शेअरचा भाव कापडावर ठरेनासा झाला होता. तो ठरत होता कंपनीच्या जमिनीवर, आणि जमिनीचा निकाल लागायचा होता कोर्टात.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे करत होता. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शेड पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरायला सांगितलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात शेअरवर टिपणं लिहीत असे. परळला आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांनी विचारलं, "गिरणीचा शेअर घेऊ का रे?" अशा प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी मी तक्ता मांडतो. तोही त्यांच्यासमोर बसून मांडला. परताव्याचे आकडे कुठल्या एका कंपनीचे नव्हते, हिशोब समजावा म्हणून घेतलेले गोल आकडे होते.

| निकाल | शक्यता | वर्षाचा परतावा |
|---|---|---|
| २००१चा नियम टिकला | ०.५ | +६०% |
| मधला मार्ग निघाला | ०.३ | +१०% |
| उच्च न्यायालयाचा निकाल कायम | ०.२ | −४५% |

या तक्त्याला दोन अटी आहेत. शक्यतांची बेरीज बरोबर १ आली पाहिजे, आणि एक ओळ खरी ठरली की बाकीच्या आपोआप खोट्या ठरल्या पाहिजेत. मग प्रत्येक परतावा त्याच्या शक्यतेने गुणायचा आणि बेरीज करायची. ३० अधिक ३ उणे ९, म्हणजे २४ टक्के. हा अपेक्षित परतावा. काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे २४ टक्के मिळतील?" नाही. तक्त्यात २४ची ओळच नाही. ६० मिळतील, १० मिळतील किंवा ४५ जातील. असेच डाव पुष्कळ वेळा खेळता आले तर सरासरी २४च्या आसपास येईल, पण कोर्टाचा हा निकाल एकदाच लागणार होता.

म्हणून दुसरा आकडा लागतो. प्रत्यक्ष परतावा २४पासून किती लांब पडू शकतो, हे तो सांगतो. तीन ओळींचं अंतर +३६, −१४ आणि −६९. ही अंतरं तशीच शक्यतांनी गुणून मिळवली तर बेरीज नेहमी शून्य येते, म्हणून आधी वर्ग करायचा: १२९६, १९६ आणि ४७६१. ते शक्यतांनी गुणले की ६४८, ५८.८ आणि ९५२.२ येतात. त्यांची बेरीज १६५९, हा व्हेरियन्स. हा आकडा टक्क्यांच्या वर्गात असल्यामुळे २४शेजारी ठेवून वाचता येत नाही. वर्गमूळ काढलं की सुमारे ४०.७ टक्के मिळतात. हे प्रमाण विचलन, बाजारात ज्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात.

नवीन मुलं ऑफिसात इथे हमखास घसरतात. परताव्यांचा रकाना निवडतात आणि एक्सेलला `STDEV` सांगून मोकळी होतात. उत्तर ५२.५ येतं. ते चूक आहे, कारण त्या फॉर्म्युलाला शक्यतांचा रकाना दिसतच नाही. तो तिन्ही ओळी सारख्याच वजनाच्या धरतो, अंतर २४ऐवजी साध्या सरासरीपासून, म्हणजे ८.३पासून मोजतो, आणि शेवटी तीनऐवजी दोनाने भागतो. एकने कमी करून भागणं हे होऊन गेलेल्या आकड्यांच्या नमुन्यासाठी असतं. इथे नमुना नाही, सगळ्या शक्यता आपणच मांडल्या आहेत. भागाकाराचं काम शक्यतांनी आधीच केलेलं असतं.

मला या गणितात सगळ्यात मोलाची वाटते ती शेवटच्या बेरजेच्या आधीची पायरी. १६५९पैकी ९५२ एकट्या तिसऱ्या ओळीतून आले. शक्यता सगळ्यात कमी, फक्त ०.२, पण निम्म्याहून जास्त व्हेरियन्स तिचा. लांबचं अंतर वर्ग केल्यावर असं फुगतं. म्हणून मी नुसतं ४०.७ कुणाच्या हातात देत नाही. कुठल्या ओळीने किती भर घातली, ते शेजारी लिहितो.

त्याच रकान्यात ६४८ हा आकडाही आहे आणि काकांची नजर त्यावर गेली. "साठ टक्के मिळाले तर त्यात धोका कसला?" हा प्रश्न रास्त आहे. व्हेरियन्स वरच्या आणि खालच्या अंतरात भेद करत नाही. १९५२ साली हॅरी मार्कोविट्झ यांनी व्हेरियन्सला जोखमीचं माप म्हणून गुंतवणुकीच्या गणितात आणलं, आणि १९५९च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच फक्त खालच्या बाजूची अंतरं मोजण्याचाही विचार केला. तेव्हा हे माप अनिश्चिततेचं आहे, नुकसानीचं नाही. नुकसान पाहायचं तर तिसऱ्या ओळीकडेच पाहावं लागतं. आणि तीही नुकसानीची ओळ फक्त शेअर घेणाऱ्यासाठी. म्हाडाच्या घराची वाट पाहणाऱ्या गिरणी कामगाराच्या घरात तीच आशेची ओळ होती. तक्ता नेहमी कुणातरी एकाच्या बाजूने मांडलेला असतो.

आता शक्यतांकडे वळू. त्या कुठून आल्या? निकालपत्र वाचून, वकिलांशी बोलून केलेला तो अंदाज होता. अंदाज हलवून पाहिल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. पहिल्या ओळीतला ०.१ काढून तिसरीत टाकला, तर अपेक्षित परतावा २४वरून १३.५वर उतरतो, पण स्टँडर्ड डेव्हिएशन ४०.७वरून जेमतेम ४३.५वर जातं. म्हणजे शक्यतांच्या अंदाजाने जास्त हलतो तो लोभाचा आकडा, धोक्याचा आकडा बराच स्थिर राहतो. या तक्त्यात मी दुसऱ्यावर जास्त विसंबतो.

काकांकडे चार लाख होते. सगळे शेअरमध्ये घातले, तर वाईट ओळीत १ लाख ८० हजार जाणार. एकच लाख घातला आणि तीन लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले, तर शेअरमध्ये ४५ हजार जातील, व्याजाचे १८ हजार येतील, निव्वळ तोटा २७ हजार. बँकेचा परतावा हलत नाही असं धरलं, की सगळ्या रकमेचं स्टँडर्ड डेव्हिएशनही चौथाईवर येतं, सुमारे १०.२ टक्के. अपेक्षित परतावा मात्र १०.५ टक्के राहतो, बँकेच्या सहापेक्षा वरच. काका म्हणाले, "सत्तावीस हजार सोसेन." त्यांनी एक लाखच घातला.

७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि पहिली ओळ खरी ठरली. पुष्कळांनी तेव्हा आपला अंदाज अचूक होता असं सांगितलं. पण एका निकालाने ०.५ हा आकडा बरोबर होता की नव्हता, हे कळतच नाही. शक्यता ०.२ धरली असती, तरी तीच ओळ खरी ठरू शकली असती. तपासता येतं ते एवढंच, की निकालाआधी, तारीख घालून, प्रत्येक शक्यतेपुढे तिचं कारण लिहिलं होतं का, आणि वाईट ओळ खरी ठरली असती तरी घर चाललं असतं का. काकांच्या कागदावर दोन्ही होतं, म्हणून तो निर्णय ६ मार्चलाही बरोबरच होता.