गप्प बसवलेला अभ्यास

भीमाशंकरच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका आश्रमशाळेत मी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा संध्याकाळच्या अभ्यासिकेबद्दल माझं मत पक्कं होतं. सात ते नऊ, दोन तास, टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. मुलं ओळीने सतरंजीवर, प्रत्येकात हातभर अंतर. शेजाऱ्याशी बोललेला मुलगा म्हणजे एक तर नक्कल करणारा, नाही तर टवाळ. दोन्हीवर माझ्याकडे एकच उपाय होता, त्याला उठवून भिंतीकडे तोंड करून बसवणं.

या मताखाली आणखी एक मत दडलेलं होतं. ते मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलाही नाही. मी मंचरच्या बाजूचा, बागायती गावातला. इथली मुलं महादेव कोळी आणि ठाकर घरांतली, दूरच्या वाड्यांवरून आलेली. त्यांचं आपसातलं बोलणं मला अभ्यासाचं वाटतच नसे. अभ्यास पुस्तकातल्या मराठीत होतो, आणि ती भाषा या मुलांच्या तोंडी बसेपर्यंत त्यांनी गप्प बसून ऐकावं, असं मी धरून चाललो होतो. मुलांना गप्प करण्याच्या माझ्या आग्रहात शिस्त किती होती आणि तुच्छता किती, हे आज वेगळं काढता येत नाही. तुच्छता होती, एवढं मात्र नक्की.

शांतता मिळाली, पण मुलं साडेसातलाच पेंगायला लागत. मी कारणं शोधून ठेवली होती. पहाटे उठतात, नुकतीच जेवलेली असतात, पावसाळ्यात चार महिने धुकं खोलीत शिरतं, वह्या सादळतात, वीज जाते. ही सगळी कारणं खरीच होती. पण हीच मुलं नऊ वाजता अभ्यास सुटला की तासभर टक्क जागी असत, हे मी रोज पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो.

माझ्या मताला तडा गेला तो सहावीच्या वह्या तपासताना. अपूर्णांकांच्या बेरजा दिल्या होत्या. अर्धा अधिक पाव, म्हणजे १/२ + १/४, याचं उत्तर एका वहीत २/६ दिसलं. वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. ही चूक सगळीकडची मुलं करतात, त्यामुळे तिचं नवल वाटलं नाही. पण पुढच्या वहीतही तेच, त्याच्या पुढच्या वहीतही तेच. सात वह्यांत चौथं उदाहरण गाळलेलं होतं आणि पाचव्याला चौथा क्रमांक घातलेला होता. एकच वही सतरंजीखालून ओळभर सरकली होती. माझ्या देखत, त्या टाचणीच्या शांततेत.

म्हणजे ज्या शांततेने नक्कल थांबते असं मी समजत होतो, तिच्या आडच ती निवांत चालली होती. बोलायला बंदी असली की अडलेल्या मुलापुढे दोनच वाटा उरतात. पानाकडे बघत बसायचं, किंवा उत्तर गुपचूप उचलायचं. "हे असं का?" एवढं विचारायची तिसरी वाट मीच बंद केली होती.

त्या संध्याकाळी मी ती ओळ उभी केली. मूळ वही ज्याची होती त्याला फळ्यावर बेरीज करायला लावली. त्याने पुन्हा २/६ लिहिलं. का, ते त्याला सांगता येईना. तेवढ्यात मागून पुटपुटणं ऐकू आलं. ज्याला मी बोलण्यापायी सर्वांत जास्त वेळा भिंतीकडे बसवलं होतं, तोच मुलगा. मी ओरडलो, "काय ते मोठ्याने बोल."

तो म्हणाला, "सर, अर्धी पायली नाचणी हाये. तिच्यात पाव पायली वतली. मंग ती अर्धीपरीस कमी कशी भरंल?"

यावर माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, ते लिहायला जड जातं. मी म्हणालो, "हाये नाही, आहे."

मुलगा गप्प झाला. खाली बसला. त्याने जे सांगितलं होतं ते माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ गेला. २/६ म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान येऊच शकत नाही. उत्तर काढण्याआधी त्याचा अंदाज घेणं, ते पटण्यासारखं आहे का हे पाहणं, हे मी वर्गात कितीदा शिकवायचा प्रयत्न केला होता. तेच या मुलाने धान्याच्या मापावर आपणहून केलं होतं, आणि मी त्याचं क्रियापद दुरुस्त करत होतो.

पुढचं वाक्य त्याच्या शेजारच्या ओळीतल्या मुलीने पुरं केलं. "पायलीत चार शेर. अर्धी म्हंजी दोन, पाव म्हंजी एक. तीन शेर झाले. पाऊण पायली." क्षणभर कोणी हललं नाही. मग ओळीत खोडरबर मागण्याची घाई उडाली. मी काही न सांगता मुलं एकमेकांना विचारू लागली होती, आणि अभ्यासिकेत गलका झाला होता. माझा हात सवयीने छडीकडे गेला. तिथेच तो मी थांबवला. आठ वाजून गेले होते आणि एकही मूल पेंगत नव्हतं.

त्या रात्री कळलं ते एवढंच की मुलांना अभ्यासाचा शीण येत नव्हता, एकट्याने अडून बसण्याचा येत होता. जे समजत नाही त्याकडे तासभर समजल्यासारखं बघत राहणं, यासारखं दमवणारं काम नाही. आणि ते काम मी रोज संध्याकाळी त्यांना देत होतो.

नुसती बोलायची मोकळीक देऊन भागलं नाही. पहिले काही दिवस खरोखरच गोंधळ झाला, आणि माझं जुनं मत बरोबर होतं असं पुन्हा वाटू लागलं. जोड्याही मी चुकीच्या लावल्या होत्या. सर्वांत हुशार मुलाशेजारी सर्वांत मागे पडलेला. हुशार मुलगा कंटाळून वही ओढून घेई आणि स्वतःच गणित लिहून टाकी, दुसरा ओशाळून मान खाली घाली. मग यादी वेगळी लावली. चोवीस मुलं असतील तर क्रमाने लावून मधोमध तोडायची. पहिल्याबरोबर तेरावा, दुसऱ्याबरोबर चौदावा, शेवटी बाराव्याबरोबर चोविसावा. अशाने अंतर मदत होण्याइतकं राहतं, पण लाज वाटण्याइतकं नाही. दर तीन-चार आठवड्यांनी यादी नव्याने करायची. यादी मुलांना दाखवायची नाही. एखादं मूल उरलं तर तिघांचा गट करायचा.

दुसरा नियम एकाच ओळीचा आहे. पेन्सिल ज्याची त्याच्याच हातात. सांगणाऱ्याने बोलायचं, विचारायचं, सतरंजीवर चिंचोके मांडून दाखवायचं, पण दुसऱ्याच्या वहीत एक आकडाही लिहायचा नाही. अर्ध्या वेळाने भूमिका बदलायच्या. आता शिकणारा विचारतो आणि सांगणारा सोडवतो. विचारण्यासाठीही गणित वाचावं लागतं, म्हणून कोणी नुसता ऐकणारा राहत नाही.

दोन तासांचे तुकडे पडले. पहिली पंचवीस मिनिटं अजूनही शांततेची आहेत. प्रत्येकाने एकट्याने करून पाहायचं आणि अडेल तिथे खूण करायची. खूण नसेल तर जोडीत बोलायला काही राहत नाही, गप्पाच होतात. मग पस्तीस मिनिटं जोडीने, फक्त खुणा केलेल्या ठिकाणी. आठ वाजता दहा मिनिटं सगळे उभे राहतात, टाळीच्या तालावर पाढे होतात, पाणी पिऊन होतं. त्यानंतर अर्धा तास वाचन.

वाचनात मी ब्रिटनमध्ये कीथ टॉपिंग यांनी रुजवलेल्या जोडीवाचनाच्या पद्धतीतून एक गोष्ट घेतली. दोघं एकत्र, एका सुरात वाचतात. अडखळणाऱ्याला धीर आला की तो खूण करतो आणि एकटा वाचू लागतो. चुकला तर जोडीदार लगेच शब्द सांगत नाही, चार-पाच सेकंद थांबतो. तेवढ्यात सुधारला तर ठीक, नाही तर शब्द सांगतो, पहिला तो पुन्हा म्हणतो आणि परत दोघं मिळून वाचतात. मुलं मनात पाच आकडे मोजतात. मी वर्गात एक आकडाही मोजत नव्हतो. मूल अडखळलं की शब्द माझ्या तोंडून बाहेर, आणि त्याला वाटे की आपल्याला येत नाही.

याला मर्यादा आहेत. दोघांनाही येत नसेल तर जोडी एकच चूक ठामपणे पक्की करते. म्हणून मी जोडीतल्या कच्च्या मुलाची वही आधी पाहतो, चूक शिरली असेल तर तिथे ती लवकर सापडते. काही मुलांना संध्याकाळी खरंच कोणाशी बोलायचं नसतं, विशेषतः घरून परत आल्यावरच्या आठवड्यात. त्यांच्यासाठी एक कोपरा ठेवला आहे, आणि तो शिक्षेचा नाही हे मला वारंवार सांगावं लागतं, कारण तो शिक्षेचा मीच केला होता. दहावीचा पेपर तर एकट्यानेच लिहायचा असतो. त्यासाठी शेवटची पंधरा-वीस मिनिटं पुन्हा शांततेची. जोडीने सोडवलेलंच उदाहरण आकडे बदलून, कोणाच्या मदतीशिवाय. १/२ + १/४ जमलं असेल तर १/२ + १/८. ज्याने समजून घेतलं तो अर्ध्या पायलीत अर्धा शेर टाकतो, अडीच शेर मोजतो आणि ५/८ लिहितो. ज्याने उचललं तो पुन्हा ३/४ लिहितो. नक्कल ओळखायला याहून सोपी रीत मला सापडलेली नाही, आणि तिला छडी लागत नाही.

मूल काही सांगत असताना त्याची भाषा सुधारायची नाही, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे. प्रमाण मराठी त्यांना यायलाच हवी, परीक्षेत आणि पुढे कचेरीत ती लागणार. ती लिहिताना शिकवतो, सांगून झाल्यावर. हा नियम माझ्याकडून अजूनही मोडतो. मुलगा गप्प झाला की कळतं.

कधी पाहणीला आलेले साहेब दारात थबकतात आणि हा काय बाजार, असं विचारतात. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं. मी त्यांना आत बसवतो, यादीतल्या पहिल्याची वही बाजूला ठेवतो, चोविसाव्याला बोलावतो आणि त्याच्या उदाहरणातले आकडे त्यांनाच बदलायला सांगतो.