ताट वेगळे, हवा मात्र एकच

जानेवारीतल्या एका बुधवारी शाळेतच मला हुडहुडी भरली. घरी येईपर्यंत अंग दुखू लागले आणि ताप १०२ वर गेला. तीर्थपुरीचे आमचे घर दोन खोल्यांचे. त्यात आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. अम्मींना मधुमेह आहे, दमाही आहे. फ्लू त्यांना झाला असता तर निमोनियाची भीती होती.

म्हणून त्यांनी लगेच माझे ताट, पेला, चमचा वेगळा काढला आणि दस्तरखानावर मला सगळ्यांपासून दूर बसवले. पण थंडीमुळे खिडक्या बंद होत्या आणि रात्री मी त्याच खोलीत, धाकट्याच्या शेजारी झोपले. मास्क होता, पण खोकताना गुदमरते म्हणून मी तो हनुवटीवर ओढत होते. शुक्रवारी रात्री धाकटा तापला.

डॉक्टर म्हणाले, "बाई, भांडी वेगळी केली, पण हवा एकच ठेवली." फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. उष्टा पेला दुसऱ्याने तोंडाला लावू नये हे खरे, पण साबणाने नीट घासलेले ताट कोणीही वापरले तरी चालते. त्यांनी हेही सांगितले की ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणजे मुलाला मंगळवारीच लागण झालेली असू शकते. मग अम्मींसाठी उरलेली काळजी तरी नीट घ्यायची ठरली.

मागची खोली मी आणि धाकट्याने घेतली. एकच आजार असलेले दोघे एका खोलीत चालतात. बाहेरची खिडकी उघडी आणि मधले दार बंद ठेवले. अम्मी, थोरली आणि हे पुढच्या खोलीत झोपू लागले. जेवण हे दाराशी ठेवून जात. आत यावेच लागले तर त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही तोंडावर मास्क असे, नाक झाकलेला. ओला झाला की बदलायचा. न्हाणीघर आम्ही सर्वांत शेवटी वापरत होतो. उष्टी भांडी उचलल्यावर हे साबणाने हात धूत. अम्मींना दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे थोरलीलाही सांगून ठेवले होते.

गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तेव्हा मी बाहेर आले. धाकटा माझ्यानंतर दोन दिवसांनी. खोकला राहिला होता, म्हणून आणखी पाच दिवस घरात मास्क लावला आणि अम्मींजवळ बसणे टाळले. अल्लाहचा शुक्र, त्यांना ताप आला नाही.

त्या दिवसांत अम्मी दाराबाहेरून विचारायच्या, "बेटा, ताट गरम पाण्यानं धुऊ का?" मी आतून सांगायची, "साबण पुरे अम्मी, खिडकी तेवढी उघडी ठेवा."