डावी बाजू रिकामी

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

पितृपक्ष लागला की तांबट आळीतल्या दुकानांत गिऱ्हाईक कमी आणि मालकांना वेळ जास्त. दिवाळी सेलच्या बॅनरचं काम दर वर्षी याच दिवसांत येतं. आज तिथल्या एका भांड्यांच्या दुकानाचे मालक काका यांनी बोलावून पेनड्राइव्ह हातात दिला. "फोटो आहेतच आपल्याकडे, यातलेच एक-दोन घ्या आणि बाजूला 'महासेल' टाका, झालं."

फोटो चांगले आहेत, पण ते अॅमेझॉनसाठी काढलेले. तिथल्या मुख्य फोटोचा नियमच असा की पार्श्वभूमी शुभ्र पांढरी हवी, वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापलेला हवा आणि फोटोवर एकही अक्षर नको. बॅनरची गरज नेमकी उलटी. तिथे निम्मी चौकट वस्तूशिवाय हवी, कारण तिथे पुढे कोणीतरी काहीतरी लिहिणार आहे. काय लिहिणार, ते आज कोणालाच माहीत नाही. सूट किती द्यायची, हे काका वसुबारसेच्या आदल्या दिवशी ठरवतात.

नवे फोटो काढायचे, असं ठरलं. काकांना बॅनरवर बंब हवा. अभ्यंगस्नान म्हटलं की बंब, हे मलाही मान्य आहे. मोजून सांगतो म्हणालो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मोजलं. वेबसाइटवरची बॅनरची जागा १९२० बाय ६०० पिक्सेल, म्हणजे रुंदी उंचीच्या ३.२ पट. माझा कॅमेरा ६००० बाय ४००० चा फोटो देतो. पूर्ण रुंदी ठेवून बॅनर कापला तर उंचीतले १८७५ पिक्सेल उरतात, निम्म्याहूनही कमी. वरचा-खालचा बाकी सगळा भाग जाणार. लोक कॅमेऱ्यात चौकट भरून छान फोटो काढतात आणि कापताना भांड्याचा गळा जातो, तो यामुळे.

बंब ७५ सेंटिमीटर उंच. वरखाली थोडी मोकळीक धरली तर चौकटीची उंची ९५ सेंटिमीटर हवी. ती ३.२ पट केली की रुंदी तीन मीटरच्या पुढे जाते. माझ्याकडचा पार्श्वभूमीचा कागदी रोल नऊ फुटी, २.७२ मीटरचा. म्हणजे बंब मावेल, पण कागद संपून स्टुडिओची भिंत दिसायला लागेल. शिवाय एवढ्या रुंद चौकटीत बंब बारीकसा दिसणार, ते वेगळंच.

घंगाळ मात्र या कामासाठीच घडवल्यासारखं आहे. व्यास ४५, उंची २५ सेंटिमीटर, दोन बाजूंना कड्या. शेजारी एक तांब्या ठेवला की सव्वा मीटर रुंदीची चौकट पुरते. बॅनरची उंची ३९ सेंटिमीटर होते, त्यात घंगाळ ऐटीत बसतं. काकांना फोनवर सांगितलं. ते थोडे खट्टू झाले. बंब मोबाइलच्या उभ्या फोटोत घेऊ म्हटल्यावर शांत झाले.

रंगावरूनही थोडं झालं. त्यांना झेंडूचा पिवळा हवा होता. तांबं पिवळ्यावर विरघळून जातं आणि पांढरी अक्षरं तर दिसतच नाहीत. मी गडद मोरपंखी कागद सुचवला. त्यावर तांबं पेटल्यासारखं उठतं आणि पांढऱ्या अक्षरांना भरपूर फरक मिळतो. वेबसाइटच्या वाचनीयतेच्या निकषांत मोठ्या अक्षरांसाठी निदान तीनास एक आणि बारीक अक्षरांसाठी साडेचारास एक एवढा उजेडाचा फरक मागितला आहे. 'अटी लागू' ही ओळ बारीकच असते, म्हणून मोजमाप तिच्यावरून करायचं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज चाचणी. अक्षरं डावीकडे, घंगाळ उजवीकडे. मराठी डावीकडून वाचतात, नजर मजकुरावरून जाऊन भांड्यावर थांबते.

दिवसाचा बहुतेक वेळ दिवा कुठे ठेवायचा यात गेला. आधी डावीकडून, चौकटीच्या कडेपासून एक मीटरवर. डावी कड एक मीटरवर तर उजवी कड सव्वादोन मीटरवर. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून उजव्या कडेला तो पाचपट मंद. म्हणजे जिथे काही नाही तिथे झगमगाट आणि भांडं अंधारात. दिवा मागे, तीन मीटरवर नेला. आता तीन आणि सव्वाचार, फरक पाचपटीवरून दुपटीवर आला. कागद बराच एकसारखा दिसू लागला. पण लांब गेलेला दिवा भांड्याच्या दृष्टीने लहान होतो, आणि लहान दिवा मठारकामाला सोसत नाही. हातोडीचा प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटा आरसा. त्या सगळ्यांनी मिळून डावीकडच्या मोकळ्या कागदावर नारिंगी कवडशांचा सडा घातला. नेमका जिथे 'महासेल' यायचं तिथे.

दिवा उजवीकडे नेला. कवडसे उजवीकडे गेले, पण घंगाळाची, कडीची आणि तांब्याची लांब सावली डावीकडे पसरली. सावलीच्या कडेवर अक्षर आलं की त्याचा अर्धा भाग उठून दिसतो आणि अर्धा बुडतो.

शेवटी मोठा सॉफ्टबॉक्स भांड्याच्या वर, किंचित मागे टांगला. सावली भांड्याच्या बुडाशी, पुढच्या बाजूला गोळा झाली. कवडसेही पुसट होऊन भांड्याजवळच राहिले. डावीकडे कागद हळूहळू गडद होत जातो, पांढऱ्या अक्षरांना ते चालतंच. कागद मागे वळवून वर नेलेला, त्यामुळे जमीन आणि भिंत यांची रेघ नाही. ती रेघ असली तर मजकुराच्या ओळीशी भांडते.

एक अडचण उरली. वरून उजेड आला की घंगाळाची डावी बाजू काळी पडते. तिला उजळायला पांढरा थर्माकोल डावीकडे उभा करावा लागतो, आणि तो उभा राहतो नेमका रिकाम्या जागेत.

सोमवार, १५ सप्टेंबर

मुख्य काम आज झालं. थर्माकोलची अडचण सिनेमावाल्यांच्या युक्तीने सोडवली. ते तिला 'क्लीन प्लेट' म्हणतात. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट. फोकस, छिद्र, वेळ, रंगतापमान सगळं हाताने बांधलेलं, स्वयंचलित काहीही नाही. पहिला फोटो थर्माकोलसह, त्यात तांब्याची कड लखलखते. मग मदतनिसाने थर्माकोल अलगद उचलला, कागदाला धक्का न लावता, आणि लगेच दुसरा फोटो. भांडं पहिल्यातून घ्यायचं, डावी बाजू दुसऱ्यातून. फोटोशॉपमध्ये मास्क लावून दोन्ही जोडायचे.

जोड कुठे घ्यायचा, याला महत्त्व आहे. थर्माकोल काढला की भांड्याजवळचा कागदही किंचित गडद होतो. भांड्याच्या कडेला चिकटून मास्क कापला तर भोवती उजळ कड उरते आणि भांडं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून भांडं आणि थर्माकोल यांच्या मधल्या मोकळ्या कागदावर, हातभर रुंदीत, एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा मऊ मास्क लावला. जोड सापडत नाही.

डिझायनर समोर बसली होती. लॅपटॉपवर कॅप्चर वनच्या Overlay मध्ये तिने आपला कच्चा आराखडा टाकला, त्यामुळे प्रत्येक फोटो मजकुरासकट दिसत होता. मजकूर ठरलेला नाही, मग आराखड्यात काय घालायचं? तिने गेल्या वर्षीची सगळ्यात लांब ओळ घातली. ही हुशारी. इंग्रजीच्या हिशेबाने जागा सोडली की मराठी अडकते: वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर लागतं. तिचा मथळा, सवलतीची ओळ आणि बटण एकाखाली एक ठेवल्यावर ३९ सेंटिमीटरच्या पट्टीत वरखाली जेमतेम जागा उरली. घंगाळ मी आणखी चार बोटं उजवीकडे सरकवलं. डावा पंचावन्न टक्के भाग आता पूर्ण मोकळा.

मग कॅमेरा उभा केला. मोबाइलसाठी १०८० बाय १३५०, मोकळी जागा वर, खाली बंब. आडवा फोटो कापून उभा करता येत नाही. `object-fit: cover` चौकट भरण्यासाठी दोन्ही बाजू सारख्याच कापतं आणि उजवीकडचं घंगाळ अर्धं होतं. `object-position: right` लिहिलं तर भांडं वाचतं, पण मजकुराची जागा जाते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

रिकामी जागा खरंच रिकामी आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. फोटोशॉपमध्ये वर एक तात्पुरता Curves थर ठेवून त्याची रेषा भयंकर उभट केली. एरवी गुळगुळीत दिसणाऱ्या मोरपंखीवर धुळीचे कण, रोलची एक आडवी सुरकुती आणि मदतनिसाच्या मोज्यांचा ठसा असं सगळं वर आलं. साफ केलं, थर काढून टाकला.

मग उताराच्या पट्ट्या. गडद होत जाणारा एकसारखा रंग आठ बिटांच्या जेपेगमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी दिसू लागतो, आणि वेबसाइट फोटो आणखी दाबते तेव्हा त्या पायऱ्या ठळक होतात. म्हणून काम शेवटपर्यंत सोळा बिटांत ठेवलं आणि शेवटी मोकळ्या भागावर अगदी हलका, एक टक्क्याच्या आसपास, कण घातला. कण दिसत नाही, पायऱ्या मोडतात. मात्र फार गुळगुळीत करायचा मोह टाळावा. कागदाचा पोत पूर्ण पुसला तर डावी बाजू रंगवलेली आणि उजवी बाजू खरी दिसते.

काकांच्या पुतण्याने विचारलं, "दादा, एवढं कशाला? घट्ट फोटो काढून कागद नंतर फोटोशॉपमध्ये ताणला असता की." सपाट, एकरंगी कागद थोडासा ताणता येतो, हे खरं आहे. पण उतार असलेला उजेड ताणला की उतार बदलतो, आणि लाकूड किंवा खण असता तर लाकडाच्या रेषा किंवा विणीचे धागे जाड झालेले कोणालाही दिसले असते. थोडीशी कड वाढवायला ते ठीक, निम्मा बॅनर तयार करायला नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घटस्थापना झाली, आज फाइली दिल्या. थर सुटे असलेली सोळा बिटांची एक टिफ, आडवा आणि उभा असे दोन जेपेग. डिझायनरसाठी मोकळ्या भागाची चौकट वेगळ्या थरावर आखून दिली, म्हणजे मजकूर कुठवर जाऊ शकतो ते तिला विचारावं लागणार नाही.

संध्याकाळी काकांचा फोन: "जागा बरीच उरलीये, तिथे अजून एक समई टाकता येईल का?" नाही म्हणालो.

दिवाळीच्या बॅनरसाठी फोटो काढून घेणाऱ्या दुकानदारांना एकच विनंती. सूट नंतर ठरवा, शब्द नंतर ठरवा, पण फोटो काढण्याआधी तुमच्या मजकुरातली सगळ्यात लांब ओळ कळवा.